अध्यक्षीय समारोप (सांस्कृतिक कार्यक्रम, सोलापूर)

अध्यक्षीय समारोप : सभा किंवा सांस्कृतिक कार्यक्रम संपत आल्यावर अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती जे शेवटचे भाषण करते ते. मराठी कार्यक्रमपत्रिकेत त्याची जागा ठरलेली असते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मुख्य कार्यक्रम आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण झाले की अध्यक्षीय समारोप येतो. त्यानंतर आभारप्रदर्शन आणि राष्ट्रगीत किंवा पसायदान एवढेच उरते. पत्रिकेत समारोपापुढे सहसा 15 मिनिटे लिहिलेली असतात, पण अध्यक्षांच्या हाती माइक येतो तेव्हा ती क्वचितच शिल्लक असतात. आधीच्या प्रत्येकाने घेतलेली पाच-दहा मिनिटे शेवटच्या वक्त्याच्या वाट्यातून जातात. म्हणून कमी झालेल्या वेळेत नेमके काय ठेवायचे, ही समारोपाची खरी विद्या आहे.

सोलापुरात ही गोष्ट सर्वांत ठळक दिसते ती जानेवारीत. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. त्याआधी 1930 च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला होता. या चौघांच्या स्मरणार्थ 12 जानेवारीला कार्यक्रम होतात. नेमके तेच दिवस सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे असतात. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे वेध लागलेले असतात, रस्ते गजबजलेले असतात आणि श्रोत्यांना घर गाठायचे असते. कार्यक्रम उघड्या पटांगणात असेल तर कायद्याचीही मर्यादा येते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातले मोजके दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकते. पण आपला दिवस त्या यादीत आहे हे आयोजकांनी आधी पाहिलेले नसेल तर अध्यक्षांनी 10 हीच वेळ धरावी.

अशा एका संध्याकाळचा हिशेब मांडून पाहू. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ कविसंमेलन आहे. अकरा कवी, एक पोवाडा आणि एक कन्नड वचनगायन. पत्रिकेत वेळ साडेसहाची, पण पाहुणे यात्रेच्या गर्दीत अडकल्याने समई सात वाजता लागली. सत्कार लांबले. अध्यक्षांचे भाषण 9 वाजून 10 मिनिटांनी सुरू व्हायचे होते, माइक मिळाला 9:43 ला. इथे अध्यक्षांनी वेळ उलट्या बाजूने मोजायची. ध्वनिक्षेपक 10 ला बंद व्हायचा, म्हणजे राष्ट्रगीत 9:58 ला संपायला हवे. राष्ट्रगीत 52 सेकंदांचे असते, पण लोक उभे राहून शांत व्हायलाही मिनिटभर जाते. म्हणून 9:56 ला उभे राहायचे. आभाराला चार मिनिटे धरली तर अध्यक्षांना 9:52 ला थांबावे लागेल. हातात नऊ मिनिटे आहेत. त्यांतले एक मिनिट राखून ठेवावे आणि बोलण्यासाठी आठच धरावीत, कारण टाळ्या पडतात आणि उघड्या पटांगणात मागच्या कर्ण्यांचा आवाज परत येतो, त्यामुळे सावकाश बोलावे लागते.

ही आठ मिनिटे कशी खर्चायची हे माइकपाशी पोचल्यावर सुचत नाही. त्याची तयारी पहिल्या कवितेपासून सुरू होते. जाणते अध्यक्ष पत्रिकेची मागची कोरी बाजू उभी दुमडून ठेवतात. डाव्या भागात सादर करणाऱ्याचे नाव, उजव्या भागात त्या सादरीकरणातली एकच गोष्ट लिहायची. ‘छान’, ‘भावपूर्ण’ असे शेरे तिथे नकोत, कारण तासाभराने वाचल्यावर त्यांतून काहीच आठवत नाही. त्याऐवजी ऐकलेली वस्तू लिहावी : मागाचा खटखटाट, गिरणीचा भोंगा, आईने चाळीच्या दारात ठेवलेला कंदील. आपल्या उदाहरणातल्या अध्यक्षांच्या कागदावर नवव्या कवीपर्यंत आवाजाची चार टिपणे जमली होती. भोंगा एकीकडे, माग दुसरीकडे, पोवाड्यातली डफाची थाप आणि वचनगायनातली एकतारी. समारोपाचा धागा तिथेच सापडला. तो अध्यक्षांनी बाहेरून आणला नव्हता, कार्यक्रमाने हाती दिला होता.

समारोपात सर्वांत जास्त चूक होते ती या सारांशाच्या भागात. ‘पहिल्या कवींनी अमुक म्हटले, दुसऱ्या कवींनी तमुक म्हटले’ अशी उजळणी सुरू झाली की अकरा कवींना अकरा मिनिटे लागतात, आणि श्रोत्यांनी जे नुकतेच ऐकले तेच पातळ करून पुन्हा ऐकावे लागते. धागा धरला की क्रम सोडता येतो. अध्यक्ष असे म्हणू शकतात : ‘आज आपण कविता ऐकायला आलो आणि खरे तर या शहराचे आवाज ऐकून चाललो आहोत. भोंगा आता वाजत नाही, पण आज एका कवितेत तो वाजला आणि मागच्या रांगेतल्या दोन आजोबांनी माना वर केल्या, मी पाहिले.’ एवढ्या दोन वाक्यांत त्या कवीचा सन्मान होतो, श्रोत्यांची दखल घेतली जाते आणि पुढच्या तीन आवाजांसाठी वाट मोकळी होते. मागचे आजोबा मात्र खरोखर दिसलेले असले पाहिजेत. रचून सांगितलेला प्रसंग समोरच्या गावकऱ्यांना लगेच कळतो.

अकरांपैकी तीन-चारच कवींचा थेट उल्लेख होणार, मग उरलेल्यांचे काय, हा प्रश्न अध्यक्षांना टोचतो आणि तो टोचायलाच हवा. नवोदित कवी घरच्यांना घेऊन आलेला असतो. यावर एक साधा उपाय आहे. ज्यांची कविता धाग्यात बसली त्यांची नावे न घेता कवितेतली वस्तू सांगावी. ज्यांची बसली नाही त्यांची नावे एका दमात, सादरीकरणाच्या क्रमाने घ्यावीत. मग कुणाच्या कवितेचा उल्लेख होतो, कुणाच्या नावाचा होतो, आणि वगळले गेल्याची बोच उरत नाही. ‘सगळ्यांनीच उत्तम सादर केले’ हे वाक्य मात्र टाळावे. ते कुणालाच पोचत नाही.

चार हुतात्म्यांची नावे या आठ मिनिटांतही पूर्ण उच्चारायला हवीत. घाईत ‘चार हुतात्मे’ म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण धनशेट्टी, हुसेन, शिंदे आणि सारडा ही आडनावे एकामागून एक ऐकली की 1930 चे सोलापूर कसे होते हे वेगळे सांगावे लागत नाही. पूर्ण नावांना दहा-बारा सेकंद लागतात. वेळ वाचवायचा असेल तर तो संबोधनात वाचवावा. व्यासपीठावरच्या आठ मान्यवरांची पदांसह नावे घेण्यात दीड मिनिट जाते आणि ती नावे त्या संध्याकाळी निदान चार वेळा घेऊन झालेली असतात. ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेले माझे सोलापूरकर’ एवढे पुरे. यावर कुणी रागावल्याचे पाहण्यात नाही.

आभार हा स्वतंत्र विषय आहे आणि इथे अध्यक्ष व आभार मानणारा यांची हद्द बहुतेक ठिकाणी पुसली जाते. अध्यक्ष पाहुणे, देणगीदार, पोलीस, पत्रकार, मंडपवाले अशी सगळी यादी घेतात आणि लगेच आभार मानणारा तीच यादी पुन्हा वाचतो. मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचा आवाज येऊ लागतो तो याच वेळी. यावर कार्यक्रमापूर्वी, चहाच्या वेळी, दोन मिनिटे बोलून घ्यावे : ज्यांनी आज काही सादर केले आणि ज्यांनी ऐकले त्यांचे ऋण अध्यक्ष मानतील, ज्यांनी जागा, पैसा, परवानगी आणि श्रम दिले त्यांची नावे आभारात येतील. एकच अपवाद ठेवावा. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याचा उल्लेख अध्यक्षांनी स्वतः करावा, कारण तीन तास जे पोचले ते त्याच्या हातून पोचले, आणि आभारात त्याचे नाव येईपर्यंत लोक चपला शोधत असतात.

सोलापूरच्या श्रोत्यांत मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घरातून बोलणारे पुष्कळ असतात. वचनगायकाला ‘धन्यवादगळु’ आणि तेलुगूभाषक मंडळींना ‘धन्यवादालु’ म्हणायला एक श्वास लागतो. पण तेवढ्यावर थांबावे. येत नसलेल्या भाषेत दोन वाक्ये जुळवायला गेले की अडखळण्यात वेळ जातो. त्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे आडनावांचा उच्चार. कन्नड आणि तेलुगू आडनावांतले ल-ळ, न-ण आणि जोडाक्षरे निवेदकाने घाईत लिहिलेल्या चिठ्ठीत हमखास चुकतात. सादरीकरण संपवून कलाकार खाली येतो तेव्हा त्यालाच हळूच विचारून कागदावर दुरुस्ती करावी.

वेळ चुकत चालली आहे हे अध्यक्षांना स्वतःच्याच शब्दांवरून ओळखता येते. ‘शेवटी एकच सांगतो’ हे वाक्य दुसऱ्यांदा तोंडून निघाले की भाषण संपवण्याची जागा मागे गेली असे समजावे. ‘वेळेचे भान ठेवून’ म्हणण्यातही वेळच जातो. चिठ्ठीची वाट पाहणे हाही खात्रीचा उपाय नाही. निवेदक वयाने लहान असेल तर तो अध्यक्षांना चिठ्ठी देऊ धजत नाही. म्हणून शेवटचे वाक्य कागदावर पूर्ण लिहून त्याखाली रेघ मारावी आणि घड्याळात ठरलेली वेळ दिसली की मधले सगळे सोडून त्या वाक्यावर यावे. सोडलेला मजकूर फक्त अध्यक्षांना ठाऊक असतो, श्रोत्यांना त्याची उणीव भासत नाही.

आपल्या उदाहरणातल्या अध्यक्षांचे शेवटचे वाक्य एकतारीबद्दल होते. त्यांना पोवाड्याबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायच्या होत्या, पण 9:50 झाले तेव्हा त्यांनी त्या सोडल्या, वाक्य म्हटले, नमस्कार केला आणि माइक निवेदकाकडे दिला. आभार मानणाऱ्याने यादी पुढे न्यावी तशी नेली आणि प्रथेप्रमाणे ‘अध्यक्षांच्या अनुमतीने कार्यक्रम संपल्याचे जाहीर करतो’ असे म्हटले. 9:56 ला सगळे उभे होते.