स्तंभालेखाचा तळ शून्यावरच का हवा, आणि रेषालेखाचा का नको

समजा, कळमना बाजारात आंबिया बहाराच्या संत्र्याला मागच्या आठवड्यात टनाला 24,000 रुपये भाव होता आणि या आठवड्यात 26,000 झाला. हाच भाव स्तंभालेखात दोन तऱ्हांनी काढता येतो. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर दुसरा स्तंभ पहिल्यापेक्षा जेमतेम उंच दिसतो. तोच अक्ष 22,000 पासून सुरू केला तर पहिल्या स्तंभाची उंची उरते 2,000 ची आणि दुसऱ्याची 4,000 ची, म्हणजे बरोबर दुप्पट. खरी वाढ साधारण 8 टक्के आणि डोळ्यांना दिसते 100 टक्के. तळ 23,000 वर नेला, तर तोच दुसरा स्तंभ तिप्पट होतो. आकडे सगळे खरे, पण तुलना खोटी.

याचं कारण असं की स्तंभ आपण लांबीने वाचतो. तळापासून टोकापर्यंतची पूर्ण लांबी म्हणजेच किंमत, असं मन धरून चालतं. तळ छाटला की प्रत्येक स्तंभातून सारखीच रक्कम कापली जाते. फरक तेवढाच राहतो, पण गुणोत्तर पार बदलतं. अक्षावर बारीक आकड्यांत 22,000 लिहिलेलं असलं, तरी नजर आधी उंचीवर जाते.

रेषालेखाचं तसं नाही. तिथे आपण बिंदूची जागा आणि रेषेचा चढ-उतार पाहतो. मे महिन्यात नागपूरचा पारा 42 वरून 45 अंशांवर गेला, तर शून्यापासून काढलेली रेषा जवळपास सपाट दिसेल आणि अंगाची लाही करणारा फरकच दिसेनासा होईल. तिथे अक्ष 38 पासून सुरू करणं योग्यच. शिवाय सेल्सियसमधलं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू, ‘उष्णता अजिबात नाही’ असं नव्हे. 44 अंश हे 22 अंशांच्या दुप्पट नसतातच, म्हणून तापमानासाठी मला स्तंभ मुळातच चुकीचे वाटतात. अर्थात छाटलेल्या अक्षावरची रेषाही उगाच खडी चढण दाखवू शकते, तेव्हा अक्ष तिथेही वाचावाच.

छाटलेल्या प्रत्येक स्तंभालेखामागे लबाडीच असते असं नाही. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःच अक्ष शून्याच्या वरून सुरू करतं. वरच्या संत्र्याच्या भावालाही ते तसंच करील. अक्षावर उजवं क्लिक करून `Format Axis` मध्ये `Minimum` ला 0 भरलं की काम झालं.

वाचताना मी स्तंभांच्या टोकावरचे आकडे भागून बघते: 26 भागिले 24 म्हणजे सुमारे 1.08. मग उंची बोटाने मापते. दोन्ही जुळत नसतील, तर तळ छाटलेला आहे. अक्षावर आकडेच नसतील आणि टोकावरही काही लिहिलेलं नसेल, तर त्या चित्रावरून भाव किती पट वाढला हे ठरवायचंच नाही.