रिजेक्शन नोट (फेल झालेला लॉट नाकारणं)

सप्लायरकडून आलेला माल इनवर्ड तपासणीत बसला नाही की खरेदीदार जो कागद काढतो त्याला रिजेक्शन नोट म्हणतात, काही कंपन्यांत त्यालाच एनसीआर म्हणतात. त्यात चार गोष्टी लागतात: ड्रॉइंगवर काय मागितलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं, ते कशावरून म्हणताय, आणि आता सप्लायरने काय करायचं, म्हणजे माल बदलून द्यायचा की पैसे कमी करायचे. चाकण, भोसरी, सातारा, नाशिक, जिथे जिथे मशीनिंगची छोटी युनिटं मोठ्या कंपनीला जॉब पुरवतात तिथे हा कागद आठवड्याला कुठे ना कुठे निघतोच, पण बहुतेक वेळा त्यात "माल ओके नाही, परत न्या" एवढंच लिहिलेलं असतं आणि मग दोन महिने भांडण चालतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. 1200 स्टीलचे बुश आले, 200 चा एक असे 6 बॉक्स, रेट 38 रुपये नग. ड्रॉइंगवर आतलं होल 16 एच7, म्हणजे 16.000 ते 16.018 मिमी. होल यापेक्षा मोठं झालं तर पिन सैल बसते, आणि मोठं झालेलं होल लहान करता येत नाही, त्यामुळे इथे रिवर्कचा रस्ताच बंद. (लहान निघालं असतं तर रीमर फिरवून सुधारता आलं असतं. म्हणून नुसतं "होल आउट" लिहू नका, कुठल्या बाजूला आउट ते लिहा, सप्लायरचा पुढचा सगळा निर्णय त्यावर असतो.)

तपासणी

सगळे 1200 कोणी मोजत नाही. आयएस 2500 नावाचं भारतीय मानक आहे, आंतरराष्ट्रीय आयएसओ 2859 सारखंच, त्यातल्या टेबलात नॉर्मल तपासणी आणि जनरल लेव्हल 2 धरली तर 1200 च्या लॉटला 80 नग काढायचे, आणि खरेदी ऑर्डरमध्ये, म्हणजे पीओत, एक्यूएल ही मान्य गुणवत्ता-पातळी 1.0 ठरली असेल तर 2 खराब निघेपर्यंत लॉट पास, 3 निघाले की अख्खा लॉट फेल. बऱ्याच ऑटो कंपन्या याहून कडक असतात, तिथे सँपलमध्ये एक जरी खराब निघाला तरी लॉट परत. कुठला नियम लागू आहे हे पीओत किंवा क्वालिटी करारात आधीच लिहिलेलं असायला हवं, माल आल्यावर ठरवलं तर सप्लायर ऐकणार नाही आणि त्याचं बरोबर असेल. अजून एक, एक्यूएल 1.0 म्हणजे "शेकडा एक खराब नग चालतो" असं अजिबात नाही. लॉट पास झाला तरी सँपलमध्ये सापडलेले खराब नग वेगळे काढून परत देता येतात.

80 नग वरच्या एकाच बॉक्समधून उचलायचे नाहीत, सहाही बॉक्समधून 13-14 काढायचे आणि कुठला नग कुठल्या बॉक्सचा ते लिहून ठेवायचं. आमच्या उदाहरणात प्लग गेज लावलं तर 9 बुशमध्ये नो-गो बाजू, म्हणजे बरोबर होलमध्ये जायला नको ती जाड बाजू, आत गेली. इथेच घाई करून मेल टाकला की फसायला होतं, कारण महिना मे, माल तासभर टेम्पोत उन्हात होता आणि गेज एसी रूममधलं 20 डिग्रीचं. स्टील गरम असेल तर होलही मोठं होतं: 16 मिमीला, 18 डिग्रीचा फरक असेल तर साधारण 3 मायक्रॉन. ऐकायला काहीच नाही पण इथे टॉलरन्सच 18 मायक्रॉन आहे, त्यामुळे काठावरचे नग उगाच फेल दिसतात. म्हणून ते 9 बुश रात्रभर रूममध्ये ठेवले आणि सकाळी परत बघितले तर 2 मध्ये नो-गो गेली नाही, उरले 7. हे 7 डायल बोअर गेजने मोजले तर 16.022 ते 16.029 आले. 3 च्या जागी 7, लॉट फेल, आणि आता हा आकडा कोणी खोडू शकत नाही.

सातही नग बॉक्स 3 आणि 4 मधलेच होते. ही एवढी नोंद सप्लायरच्या सगळ्यात उपयोगाची, कारण त्याला लगेच त्या बॉक्सच्या शिफ्टला टूल बदललं का, ऑफसेट परत चेक केला का हे बघता येतं.

पुरावा

फोटो पाठवायचाच, पण नो-गो आत गेलेली दिसणारा फोटो एकटा काही सिद्ध करत नाही. सप्लायरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब तुमचं गेज बघा". आणि तो प्रश्न रास्त आहे, नो-गो प्लग झिजून बारीक झाला असेल तर तो चांगल्या होलमध्येही शिरतो. म्हणून नोटमध्ये गेजचा नंबर, कॅलिब्रेशनची ड्यू तारीख, बोअर गेज कुठल्या रिंगवर सेट केलं, रूमचं टेंपरेचर, आणि प्रत्येक खराब नगाचं रीडिंग बॉक्स नंबरसकट द्यायचं. नगांना 1 ते 7 आकडे घालून पिशवीत सील करून ठेवायचे, सप्लायरचा माणूस आला की त्याच्यासमोर त्याच्याच गेजने मोजू द्यायचे. माझ्या मते वाद मिटवायला यासारखं दुसरं काही नाही, दहा मेलने होत नाही ते अर्ध्या तासात होतं.

सप्लायरने मालासोबत पाठवलेला पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा, रिपोर्टही जोडा. त्यात बहुतेकदा पाच नगांची रीडिंग असतात आणि पाचही ओके असतात. तो खोटा आहे असं लिहायची गरज नाही, ते पाच कदाचित पहिल्याच बॉक्सचे असतील. फक्त "आपल्या रिपोर्टमध्ये 5 नग, बॉक्स नंबर नाही" एवढं नोंदवायचं.

मुदत

माल उतरवून घेतला, गेटवर सही झाली, स्टोअरने माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन टाकला, म्हणजे माल स्वीकारला असं होत नाही. 1930 च्या माल विक्री कायद्यात (कलम 41 आणि 42) खरेदीदाराला तपासायची वाजवी संधी मिळायला हवी असं आहे. पण त्यातच हेही आहे की वाजवी वेळ उलटूनही तुम्ही नाकारल्याचं कळवलं नाही, किंवा माल आपलाच असल्यासारखा वापरायला घेतला, तर तो स्वीकारलेला धरला जातो. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर 2006 चा एमएसएमईडी कायदा अजून नेमका आहे: डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर डिलिव्हरीच्या दिवशीच माल स्वीकारला असं धरतात आणि पेमेंटची मुदत तिथून मोजायला सुरुवात होते. फोनवर सांगितलं होतं, व्हेंडर मीटिंगमध्ये बोललो होतो, याला काही अर्थ राहत नाही. लेखीच लागतं. तपासणी पूर्ण व्हायला वेळ असेल तरी "लॉट होल्डवर आहे, अमुक कारणाने" असा मेल पहिल्याच दिवशी टाकावा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो प्रॉडक्शनच्या रेट्याने. लाईन थांबतेय म्हणून कोणीतरी लाल टॅग लावलेल्या लॉटमधून 300 बुश उचलतो आणि मग उरलेल्या 900 ची रिजेक्शन नोट निघते. माल विक्री कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करार तुकड्यात न मोडणारा असेल आणि तुम्ही मालाचा काही भाग स्वीकारला, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास लॉट नाकारायचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई मागता येते. गरज खरी असतेच, मी नाही म्हणत नाही, पण उचलायच्या आधी सप्लायरकडून "बॉक्स 1 मधले 200 आणि बॉक्स 2 मधले 100 प्रत्येकी गेज लावून वापरले जातील, बाकी लॉट नाकारलेलाच राहील" असं मेलवर मान्य करून घ्यायचं.

मागणी: रिप्लेसमेंट की क्रेडिट

दोन्ही एकाच वाक्यात मागू नयेत. "बदलून द्या किंवा क्रेडिट नोट द्या" लिहिलं की सप्लायर स्वतःला सोयीचं निवडतो, नाहीतर काहीच करत नाही आणि तुमचं अकाउंट्स परस्पर पेमेंट अडवतं. निवड गरजेवरून करायची. बुश पुढच्या महिन्याच्या शेड्युललाही लागणार असतील आणि सप्लायरकडे मटेरियल असेल तर रिप्लेसमेंट, तारखेसकट. ऑर्डर संपलीय, ड्रॉइंग बदलतंय किंवा माल दुसरीकडून घेतलाय तर क्रेडिट.

क्रेडिटचा हिशोब नोटमध्येच मांडावा. पूर्ण लॉट: 1200 गुणिले 38 म्हणजे 45,600, त्यावर 18 टक्के जीएसटी 8,208, एकूण 53,808. खरेदीदार डेबिट नोट काढतो ती फक्त आपापसातली मागणी, टॅक्स कमी व्हायला जीएसटी कायद्याच्या कलम 34 खालची क्रेडिट नोट सप्लायरनेच काढावी लागते आणि खरेदीदाराने घेतलेलं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं. त्याला मुदतही आहे, आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा 30 नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न, जे आधी असेल ते.

आपल्या उदाहरणात नोटचा मजकूर असा झाला:

"चलन क्र. अमुक, बुश 1200 नग, लॉट नाकारला आहे. मागणी: होल 16.000 ते 16.018. सँपल 80, खराब 7, रीडिंग 16.022 ते 16.029, सर्व बॉक्स 3 व 4 मधील, रीडिंग शीट आणि गेज सर्टिफिकेट जोडलं आहे. सात नग सील करून ठेवले आहेत, आपल्या माणसासमोर मोजू. आम्हाला रिप्लेसमेंट हवी, 300 नग गुरुवारपर्यंत, उरलेले 900 पुढच्या सोमवारपर्यंत. आमच्याकडे येऊन 100 टक्के सॉर्टिंग करायचं असल्यास उद्या दुपारी 12 पर्यंत कळवा, त्यात ओके निघालेले नग घेऊ आणि खराब नगांचीच रिप्लेसमेंट लागेल. नाकारलेला माल आमच्याकडे आपल्या जबाबदारीवर आहे, 7 दिवसांत उचलावा."

शेवटच्या वाक्याला कायद्याचा आधार आहे, माल विक्री कायद्याच्या कलम 43 प्रमाणे वेगळं ठरलं नसेल तर नाकारलेला माल परत पोचवायला खरेदीदार बांधील नाही, नाकारल्याचं कळवणं पुरे. तोपर्यंत माल नीट ठेवायचा मात्र, पावसात गंजला की नवा वाद.

सप्लायरने सॉर्टिंगचा पर्याय घेतला, त्याची दोन माणसं आली, सगळ्या नगांना गेज लावलं तेव्हा 104 खराब निघाले, सगळे बॉक्स 3 आणि 4 चेच. 1096 घेतले, त्यांचा नवा तपासणी रिपोर्ट निघाला, 104 ची रिप्लेसमेंट आली आणि तिला बॉक्सवार रीडिंग मागितली. परत जाणाऱ्या 104 बुशवर एकेकाला लाल पेंटचा ठिपका मारला, टोपलीवर टॅग लावून भागत नाही, कारण टॅग निघतो आणि तेच नग पुढच्या लॉटमध्ये मिसळून परत येतात.