कासवाचा फोटो काढताय? पाय येऊ द्या

पावसाळा लागला की आमच्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. कोकणातला ओला रस्ता, त्यावर काळपट, फुगीर पाठीचं कासव आणि खाली प्रश्न: "हे जमिनीवरचं की पाण्यातलं?" मराठीत हे असंच विचारावं लागतं, कारण आपल्याकडे सगळी कासवंच. इंग्रजीत टॉर्टॉइज, टर्टल आणि टेरापिन असे तीन शब्द आहेत, पण तिथंही घोळ आहेच. रस्त्यावरच्या याच प्राण्याला कुणी ब्लॅक टर्टल म्हणतं, कुणी पाँड टेरापिन. शास्त्रीय नाव मात्र एकच, मेलानोकेलिस ट्रायजुगा.

या घोळाचं कारण असं, की टॉर्टॉइज, म्हणजे जमिनीवरची कासवं, हे कासवांचं एक खरं कूळ आहे, टेरापिन नाही. हा शब्द अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. तिथल्या खारट दलदलीत राहणाऱ्या एका कासवाला तो चिकटला आणि पुढे ब्रिटिशांनी तो गोड्या पाण्यातल्या कुठल्याही लहान कासवाला लावला. सुंदरबनच्या खाडीतलं बाटागुर बास्का हेही इंग्रजीत रिव्हर टेरापिन. म्हणजे टेरापिन असल्याची खूण कासवाच्या अंगावर शोधून सापडत नाही. ते कुठल्या पाण्यात राहतं आणि नाव कुणी ठेवलं, यावर ते टेरापिन की नाही हे ठरतं. फोटोवरून खात्रीनं ठरवता येतं ते एवढंच, की समोरचं कासव टॉर्टॉइज आहे की नाही.

बहुतेक जण त्यासाठी पाठ बघतात. घुमटासारखी असली तर जमिनीवरचं, चपटी असली तर पाण्यातलं. ठोकताळा म्हणून ठीक, पण तो दोन्ही बाजूंनी फसतो. आपल्या काळ्या कासवाची पाठ चांगलीच फुगीर असू शकते आणि केनिया-टांझानियातल्या खडकांच्या फटीत राहणारं पॅनकेक टॉर्टॉइज नावाप्रमाणेच भाकरीसारखं चपटं असतं. शिवाय आपण उभ्यानं मोबाइल खाली धरून फोटो काढतो. त्यात पाठीची उंची दिसतच नाही.

पाय सहसा फसवत नाहीत. स्टार कासव हे आपल्याकडचं ओळखीचं टॉर्टॉइज. त्याचा मागचा पाय हत्तीच्या पायासारखा, गोल खांबच. बोटं वेगळी दिसत नाहीत, खाली नुसती बोथट नखं. पुढच्या पायांवर जाड, टोकदार खवले असतात आणि घाबरलं की ते पाय डोक्यापुढे दारासारखे लावून घेतं. काळ्या कासवाची बोटं वेगळी ओळखू येतात, त्यांच्यामध्ये बदकासारखा पडदा असतो आणि टोकाला नखं. पायाचा पंजा पसरलेला फोटो मिळाला, तर पुढे वाद घालायला फारसं काही उरत नाही.

पण उचललेलं कासव पाय आत ओढतं आणि नेमका तोच फोटो येतो. मग मी शेपटीच्या वरची कड मोठी करून बघतो. पाठ खवल्यांसारख्या तुकड्यांची बनलेली असते. स्टार कासवात शेपटीवरचा तुकडा एकच, सलग असतो. काळ्या कासवात तिथं मधोमध रेघ असते, म्हणजे दोन तुकडे. जगातल्या सगळ्या कासवांना ही खूण लागू नाही, पण या दोघांत ती कामाची आहे. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील तर इतकी खटपट करायलाच नको. चिखलानं माखलेल्या पाठीवर मात्र त्या दिसत नाहीत. काळ्या कासवाच्या पाठीवर लांबीच्या दिशेनं तीन कंगोरे असतात. ट्रायजुगा या नावातला 'ट्राय' तिथूनच आला. म्हाताऱ्या कासवाचे कंगोरे झिजलेले असू शकतात.

आणि पाठीवर तुकडेच नसतील, वर सगळी गुळगुळीत कातडी असेल, नाक नळीसारखं पुढे आलेलं असेल, तर ते मऊ पाठीचं पाण्यातलं कासव. तिथं चर्चा संपते.

राहिलं ठिकाण. ते सांगा जरूर, पण त्यावरून निकाल देऊ नका. काळं कासव पावसात चरायला बाहेर पडतं आणि पाण्यातल्या कासवांच्या माद्या अंडी घालायला जमिनीवरच येतात. स्टार कासव मूळचं कोरड्या माळरानाचं, झुडपी रानाचं. शहरात सापडलं तर ते बहुधा कुणीतरी बेकायदा पाळलेलं आणि सुटलेलं किंवा सोडून दिलेलं असतं.

चूक झाली तर ती प्राण्याला भोवते. "कासव आहे, पाण्यात सोडा" म्हणून स्टार कासव विहिरीत टाकलं, तर त्याला पोहता येत नाही. सरळ भिंतीवर चढता येत नाही. ते दमतं आणि बुडतं. म्हणून शंका असेल तोवर पाण्यात काहीच सोडायचं नाही. वनविभागाला कळवायचं.

यंदाच्या फोटोतही पाठ फुगीर होती, पाय आत होते आणि अर्धा ग्रुप टॉर्टॉइज म्हणून मोकळा झाला होता. मी पाठवणाऱ्याला सांगितलं, उलटं करू नका, चार पावलं मागे सरका, मोबाइल जमिनीला टेकवा आणि थांबा. दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. कासव शेताच्या बांधाकडे निघालं होतं. मागचा पाय मागे ताणलेला, बोटांमधला पडदा चिखलात पसरलेला.