थॅलेसेमियाच्या मुलाला लोहाचे टॉनिक : एक खुलासा

“लेकराले लोहाचं टॉनिक द्या, रक्त वाढते,” असा सल्ला थॅलेसेमियाच्या मुलाच्या घरच्यांना मिळतो; पण तो इथे लागू पडत नाही.

थॅलेसेमियात रक्त कमी पडते ते हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकातील दोषामुळे. म्हणून मुलाला वरचेवर रक्त चढवावे लागते आणि लोह तर उलट साठत जाते. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि शरीर दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम बाहेर टाकते. वर्षात १५ पिशव्या चढल्या, तर ३,००० मिलिग्रॅम आत आणि फार तर ३६५ बाहेर; उरलेले यकृत, हृदय आणि ग्रंथींत साचते.

किती लोह साचते आहे याची पडताळणी घरच्या नोंदवहीतच होते. जिल्ह्याच्या दवाखान्यातून गावी परतताच तारीख, चढवलेले मिलिलिटर आणि त्याआधीचे हिमोग्लोबिन लिहावे. दर तीन महिन्यांनी फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी. ते १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेल्यास लोह उतरवणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. मात्र तापात फेरिटिन एरवीही वाढते, म्हणून तापाची नोंद शेजारीच हवी.