डॉक्टरांच्या नावाने बनावट खातं: तक्रार कोणाकडे, कोणी आणि कोणत्या कागदांवर करायची

माझ्या वहिनींचा कोथरूडला त्वचारोगाचा दवाखाना आहे. गेल्या पावसाळ्यात एका पेशंटने मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही क्रीम विकायला लागलात का?" खात्यावर वहिनींचं नाव होतं आणि फोटो दवाखान्याच्या फलकावरचाच होता. खाली आगाऊ पैसे भरायला यूपीआय आयडी दिला होता. वहिनींनी अॅपमधलं रिपोर्टचं बटण दाबलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की या खात्याने नियम मोडलेला नाही.

इथे बरेच जण हात टेकतात, पण खरी तक्रार अजून झालेलीच नसते. रिपोर्टचं बटण ही प्लॅटफॉर्मची स्वतःची सोय आहे. कायद्याने दिलेला रस्ता वेगळा आहे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क वेबसाइटवर किंवा अॅपमध्ये द्यावा लागतो. दुसऱ्याचं सोंग घेतल्याची तक्रार या अधिकाऱ्याकडे गेली की तो मजकूर काढण्यासाठी मूळ नियमात २४ तासांची मुदत होती. पुढच्या दुरुस्तीत मुदती आणखी कमी झाल्या, म्हणून २४ तास ही फार तर कमाल धरा.

तक्रार स्वतः डॉक्टर करू शकतात, किंवा त्यांच्या वतीने दुसरं कोणीही. हॉस्पिटलचा व्यवस्थापक तक्रार करणार असेल तर डॉक्टरांच्या सहीचं अधिकारपत्र सोबत जोडावं. मात्र केवळ नाव सारखं असणं पुरेसं नाही. पुण्यात एकाच नावाचे दोन डॉक्टर सहज सापडतात. तुमच्यावर टीका करणारं खातंही या तक्रारीत बसत नाही. समोरचा "मी म्हणजेच हे डॉक्टर" असं भासवतोय, हे दिसलं पाहिजे.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. वहिनींच्या पॅन कार्डावर माहेरचं नाव आहे, फलकावर आणि बनावट खात्यावर सासरचं. नुसतं पॅन पाठवलं असतं तर तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटली असती. म्हणून आम्ही तीन कागद लावले: पॅन, विवाह नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र. काउन्सिलकडेही जुनंच नाव होतं, पण दाखल्यामुळे दुवा जुळला. राजपत्रात नाव बदललं असेल तर ती प्रत लावा. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

पुरावे मात्र रिपोर्ट करण्याच्या आधी गोळा करा, कारण खातं बंद झालं की पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा. दिसणारं नाव केव्हाही बदलता येतं, त्यामुळे नुसतं नाव लिहून भागत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि यूपीआय आयडी दिसू द्या. खात्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर ते तुमच्या मोबाइलवर दिसणारच नाही. अशा वेळी पेशंटच्या किंवा नातेवाइकाच्या मोबाइलवरून स्क्रीनशॉट घ्या.

तक्रारीचा मजकूर छोटा ठेवा. आम्ही साधारण असं लिहिलं होतं, इंग्रजीत:

"या लिंकवरचं खातं माझं नाव आणि माझा फोटो वापरून मीच असल्याचं भासवत आहे. माझं खरं खातं या लिंकवर आहे. मी अशी कोणतीही क्रीम विकत नाही. ओळखीचे कागद आणि नावातील फरकाचा दाखला जोडला आहे. नियम ३(२)(ब) नुसार हे खातं काढावं. आधीच्या रिपोर्टचा क्रमांक अमुक."

पोच आणि तक्रार क्रमांक आला की जपून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं ते खातं दिसेनासं झालं. अधिकाऱ्याने नकार दिला असता, तर त्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत gac.gov.in वर तक्रार अपील समितीकडे अपील करता आलं असतं. अपील ऑनलाइनच होतं आणि तिथे तक्रार क्रमांक लागतो. नुसतं बटण दाबणारे इथेच अडकतात.

प्लॅटफॉर्म खातं काढतो, पैसे परत मिळवून देत नाही. ज्या पेशंटने पैसे भरले असतील त्याने लगेच १९३० वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर नोंद करावी. सोंग घेऊन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. डॉक्टरांनी स्वतःची वेगळी तक्रार पोलिसांत द्यावी. दवाखाना पिंपरी-चिंचवड हद्दीत असेल तर तिथलं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे, हे लक्षात ठेवा.

आठ दिवसांनी तोच फोटो लावून नवं खातं उघडलं गेलं. या वेळी जुना तक्रार क्रमांक आणि तेच कागद पाठवले. नवीन होती ती फक्त लिंक आणि स्क्रीनशॉट. पेशंटना मात्र वहिनींनी पहिल्याच दिवशी कळवलं होतं. काउंटरवर कागद चिकटवला होता: "डॉक्टर ऑनलाइन कोणतंही औषध विकत नाहीत, पैसे भरू नका."