‘दोनशे नव्व्याण्णवचा मारा’ म्हणण्याआधी: रिचार्जचा खरा हिशेब

आमच्या ग्राहकांसाठी

काउंटरवर येऊन नुसता आकडा सांगू नका, एवढ्यासाठीच हे पत्रक छापले आहे. २९९ हे प्लॅनचे नाव नव्हे, ती फक्त किंमत आहे. त्याच किमतीत एक कंपनी रोज १ जीबी देईल, दुसरी दीड जीबी. आणि पॅक एकदा लागला की तो आम्हाला मागे घेता येत नाही. मग अर्धा तास कस्टमर केअरला फोन लावण्यात जातो आणि मागची रांग आमच्यावर चिडते. म्हणून आम्ही नंबर दोनदा वाचून दाखवतो, कंपनी विचारतो, दिवस किती आणि डेटा किती तेही विचारतो. काहींना ही चौकशी वाटते. वाटू दे, पैसे तुमचे आहेत.

‘मुंबईच्या भावाने हाच मारला’ किंवा ‘बेळगावच्या बहिणीला हा स्वस्त मिळाला’ हेही रोज ऐकू येते. मोबाईल सेवेसाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. आपला गोवा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये मोडतो. मुंबईचे सर्कल वेगळे, कर्नाटकचे वेगळे. पलीकडच्या बांदा-सावंतवाडीला आपलेच सर्कल लागते. काही प्लॅन सर्कलप्रमाणे बदलतात, त्यामुळे तिकडच्या मोबाईलवर दिसलेला प्लॅन इथल्या नंबरला मिळेलच असे नाही.

आता हिशेब. दर बदलत राहतात, म्हणून खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. पद्धत मात्र कुठल्याही प्लॅनला लागू पडते.

पहिल्यांदा किमतीला दिवसांनी भागा. २९९ रुपये, २८ दिवस म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे, इथेच बहुतेकांची फसगत होते. वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज लागतात, म्हणजे ३,८८७ रुपये. शेजारी ३१९ रुपयांचा, तेवढाच रोजचा डेटा देणारा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन असेल, तर तो महाग दिसतो. पण त्याचे वर्षाचे १२ रिचार्ज ३,८२८ रुपयांत होतात. फरक ५९ रुपयांचाच, पण महाग कोणता ते उलटे निघाले. शिवाय पगाराची तारीख आणि रिचार्जची तारीख एक राहते. असा महिन्याच्या तारखेचा निदान एक प्लॅन ठेवायला दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ साली सगळ्या कंपन्यांना सांगितले आहे, म्हणून तो विचारून घ्या. कंपनीच्या यादीत तो वर दिसतोच असे नाही.

मग जीबीचा दर. रोज दीड जीबी, २८ दिवस म्हणजे ४२ जीबी. २९९ ला ४२ ने भागले की ७ रुपये १२ पैसे. तेवढाच रोजचा डेटा देणारा ८४ दिवसांचा प्लॅन ७९९ ला असेल तर १२६ जीबी, म्हणजे जीबीला ६ रुपये ३४ पैसे. २९९ चे तीन रिचार्ज ८९७ ला पडतात, म्हणजे ९८ रुपये वाचले. इथपर्यंतचे गणित सगळ्यांना जमते.

चूक पुढे होते. कंपनी किती जीबी देते त्याने भागायचे नसते, तुम्ही किती वापरता त्याने भागायचे असते. रोजच्या प्लॅनमध्ये उरलेला डेटा साधारणपणे रात्री १२ ला संपतो, दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, मोबाईलचा डेटा फक्त कदंबच्या बसमध्ये. अशा माणसाचा दिवसाला अर्धा जीबीही होत नाही. त्याने अर्धाच जीबी वापरला तर २८ दिवसांत १४ जीबी होतात, आणि तोच ७ रुपयांचा जीबी त्याला २१ रुपये ३६ पैशांना पडतो.

ज्याचा वापर याहूनही कमी, त्याला आम्ही एकदम मिळणाऱ्या डेटाचा प्लॅन सुचवतो. समजा ४५० रुपयांत ८४ दिवस, कॉल अमर्याद आणि पूर्ण मुदतीला मिळून ६ जीबी. जीबीचा दर काढलात तर ७५ रुपये! कागदावर हा प्लॅन भयंकर महाग दिसतो, म्हणून लोक तो नाकारतात. पण ८४ दिवसांत ज्याला ६ जीबी पुरतात, त्याचे ७९९ च्या तुलनेत ३४९ रुपये वाचतात. कमी पडले तर वरून डेटा पॅक मारायचा. ६९ रुपयांत ६ जीबी मिळत असतील तर असे पाच पॅक मारूनसुद्धा एकूण ७९५ होतात आणि डेटा होतो ३६ जीबी. म्हणजे ८४ दिवसांत ३६ जीबीच्या आत राहणाऱ्याला, दिवसाला साधारण ४३० एमबी, रोजच्या डेटाचा प्लॅन परवडत नाही. त्याच्या वर गेलात की रोजचाच बरा.

डेटा पॅक घेताना एक बघा. काही पॅक मूळ प्लॅन संपेपर्यंत चालतात, काही फक्त एका दिवसाचे असतात. मुख्य प्लॅन संपला असेल तर बहुतेक डेटा पॅक चालतच नाहीत. ‘पैसे गेले, नेट नाही’ अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असते. दुसरे कारण म्हणजे त्या दिवसाचा कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर आलेला असतो. अशा वेळी साधा मेसेज जातो, पण फोटो उघडत नाही.

आपला वापर माहीत नसेल तर मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये ‘Data usage’ उघडा. वायफाय आणि मोबाईल डेटा वेगवेगळे दाखवतात, त्यातला मोबाईलचाच बघा. चतुर्थीचा महिना धरू नका. तेव्हा सगळे गावच्या घरी असतात, तिथे वायफाय नसते आणि आकडा फुगतो. दोन साधे महिने बघून सरासरी काढा. उरलेला डेटा बघायला एअरटेलला *121#, व्हीला *199#, जिओवरून 1299 ला फोन.

लांबच्या मुदतीचे प्लॅन दिवसाला स्वस्त पडतात, आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा वर्षाचा प्लॅन आधीच मारून ठेवलेल्यांना मुदत संपेपर्यंत झळ लागली नाही. पण नंबर पोर्ट केलात तर उरलेले दिवस बुडतात. सत्तरीच्या आतल्या वाड्यांत किंवा नव्या जागी राहायला जात असाल तर आधी एक छोटा रिचार्ज मारून घरातल्या स्वयंपाकघरात, मागच्या खोलीत रेंज येते का बघा. वर्षाचे पैसे नंतर घाला.

कमिशन आम्हाला कंपनीकडून मिळते, तुमच्याकडून प्लॅनच्या किमतीवर एक पैसाही जास्त घेत नाही. काही ॲपवर रिचार्जला वरून एक-दोन रुपये लागतात, ते शेवटच्या पानावर दिसतात, बघून घ्या. मोठ्या प्लॅनवर आमचे कमिशन मोठे, हे खरे. तरीही ज्याला ४५० चा पुरतो त्याला ७९९ चा गळ्यात मारला तर तो चार महिन्यांनी दुसऱ्या दुकानात जातो.

येताना मोबाईल बरोबर आणा, मुदत संपल्याचा कंपनीचा मेसेज पुसू नका. वापर बघून तीन प्लॅनचा हिशेब कागदावर लिहून देतो, फुकट. घरात तीन-चार नंबर असतील तर सगळे एकदम सांगा, प्रत्येकाला वेगळा प्लॅन लागतो. नव्या फायबर वायफायचे बुकिंगही इथेच होते. दुपारी १ ते साडेतीन दुकान बंद असते, त्या वेळी शटर वाजवू नये.