सीआयएफ म्हणजे लँडेड कॉस्ट नव्हे: ड्युटी कशावर लागते आणि माल खरा कितीला पडतो

परत एकदा कोणीतरी एक्सेल शीट पाठवली, "जरा बघ, लँडेड कॉस्ट बरोबर काढलीय का", आणि परत तीच चूक. वर मालाची किंमत, खाली फ्रेट, इन्शुरन्स, हँडलिंग, ट्रक सगळं ओळीने मांडलंय, बेरीज केलीय आणि त्या पूर्ण बेरजेवर ड्युटीचा टक्का लावलाय. मागच्या आठवड्यात आलेल्या शीटमध्ये बरोबर उलटं होतं, म्हणजे ड्युटी फक्त सप्लायरच्या इनव्हॉइसच्या आकड्यावर. दोन्ही चूक, आणि दोन्हीचं मूळ एकच. कस्टम्स व्हॅल्यू आणि लँडेड कॉस्ट हे दोन वेगळे आकडे आहेत आणि लोक ते एकाच रकान्यात काढायला बघतात.

लँडेड कॉस्ट तुम्हाला माहीतच असणार. माल आपल्या गोडाऊनच्या दारात उभा राहीपर्यंत खिशातून जे जे गेलं ते सगळं भागिले नग, जुने व्यापारी ज्याला पडतळ म्हणतात तेच. यात फार समजवण्यासारखं काही नाही.

कस्टम्स व्हॅल्यू म्हणजे ज्या आकड्यावर ड्युटीचा टक्का लागतो तो आकडा. तुमचा खर्च किती झाला याच्याशी त्याला तितकंसं देणंघेणं नाही, तो नियमाने ठरतो. तो नियम जगात बऱ्यापैकी सारखा आहे, कारण जागतिक व्यापार संघटनेचा व्हॅल्युएशनचा करार आहे आणि सदस्य देशांचे कायदे त्यावर बेतलेले आहेत. सुरुवात होते मालासाठी प्रत्यक्ष दिलेल्या किंवा द्यायच्या किमतीपासून, मग त्यात काही गोष्टी मिळवायच्या आणि काही बाहेर ठेवायच्या.

आता ज्या एका गोष्टीवर सगळे अडखळतात तिच्याकडे येतो, ती म्हणजे हँडलिंग. फ्रेट कळतं, इन्शुरन्स कळतं, पण हँडलिंग या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या जागचे खर्च लपलेले असतात. एक हँडलिंग तिकडचं, म्हणजे माल निघतो त्या बंदरावर कंटेनरमध्ये भरणं, उचलणं, जहाजावर चढवणं. दुसरं इकडचं, म्हणजे माल पोचल्यावर टर्मिनलचे चार्जेस, एलसीएल म्हणजे एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल असेल तर कंटेनर रिकामा करून वेगळा करणं, तिथल्या गोदामाचं भाडं. फॉरवर्डर म्हणजे वाहतूक जमवून देणारा एजंट, त्याच्या बिलात दोन्हीपुढे हँडलिंगच लिहिलेलं असतं आणि माणूस दोन्ही एकाच ओळीत टाकून मोकळा होतो.

पण कस्टम्स व्हॅल्यूसाठी मधे एक रेघ आहे, आणि ती रेघ म्हणजे माल ज्या बंदरावर किंवा एअरपोर्टवर देशात शिरतो ती जागा. जे देश सीआयएफ पद्धतीने, म्हणजे किंमत, इन्शुरन्स आणि फ्रेट मिळून मोजतात तिथे त्या जागेपर्यंतचं फ्रेट, इन्शुरन्स आणि त्या वाहतुकीतलं लोडिंग-हँडलिंग व्हॅल्यूत येतं. त्या रेघेनंतरची वाहतूक, म्हणजे बंदर ते गोडाऊन ट्रक, व्हॅल्यूत येत नाही. कस्टम्स ब्रोकरची फी, डिलिव्हरी ऑर्डरचा चार्ज, पोचल्यानंतरचं गोदामभाडं हेही बाहेर. हे सगळे खर्च खरे आहेत, लँडेड कॉस्टमध्ये पै न पै आले पाहिजेत, फक्त त्यांच्यावर ड्युटी नाही. जहाजातून माल उतरवण्याच्या खर्चाचं मात्र आपल्या ब्रोकरला विचारून घ्या, कारण तो बरोबर रेघेवर पडतो आणि देशोदेशी त्याची वागणूक सारखी नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत करू, त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. ५०० टेबल लॅम्प घेतले, सप्लायरने एक्स वर्क्स भाव दिला, एकूण ५,८०० डॉलर. एक्स वर्क्स म्हणजे त्याच्या फॅक्टरीच्या दारापासून पुढचं सगळं आपल्या डोक्यावर, त्यामुळे तिकडचा ट्रक आणि तिकडच्या बंदराचं हँडलिंग मिळून २०० डॉलर आपणच दिले. समुद्री फ्रेट ९००. इन्शुरन्स मालाची किंमत, तिकडचे २०० आणि फ्रेट या बेरजेच्या ११० टक्क्यांवर अर्धा टक्का दराने धरला, तर आला ३८. बेरीज ६,९३८. ही झाली कस्टम्स व्हॅल्यू आणि इथे थांबायचं. ड्युटी १० टक्के धरू, म्हणजे ६९४.

मग रेघेच्या अलीकडे येऊ. इकडचं टर्मिनल आणि गोदाम २६०, डिलिव्हरी ऑर्डर ६०, ब्रोकर १२०, ट्रक २१०, एकूण ६५०. आता सगळं मिळवा, ६,९३८ अधिक ६९४ अधिक ६५०, झाले ८,२८२. भागिले ५००, एक लॅम्प पडला १६.५६ डॉलरला.

आता चुका काय करतात बघा. इनव्हॉइसवरच ड्युटी लावणाऱ्याने ५८० धरले, त्याला कस्टम्समध्ये ११४ डॉलर जास्तीचे मोजावे लागणार. सगळ्या बेरजेवर ड्युटी लावणाऱ्याने ७,५८८ वर टक्का काढला आणि ७५९ धरले, म्हणजे ६५ डॉलर उगाच खर्चात दाखवले आणि तेवढ्याने त्याचा भाव दुसऱ्यापेक्षा महाग दिसला. पण सगळ्यात महाग चूक तिसरीच आहे, सीआयएफ अधिक ड्युटी हीच लँडेड कॉस्ट समजणं. त्या हिशोबाने लॅम्प १५.२६ ला पडतो. तो १६ ला विकला की वाटतं नगामागे ७४ सेंट सुटले, प्रत्यक्षात नगामागे ५६ सेंट तोटा. पार्टी खुशीत दुसरी ऑर्डर देते आणि तोटा दुप्पट होतो.

कुठली चूक झालीय हे ओळखायला सोपी खूण आहे. कस्टम्सच्या डिक्लेरेशनवरची ड्युटीची रक्कम घ्या, तिला ड्युटीच्या दराने भागा, जो आकडा येईल तो आपल्या शीटमधल्या कस्टम्स व्हॅल्यूशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर फरकाचा आकडा बघा, बहुतेक वेळा तो फ्रेटएवढा नाहीतर इकडच्या चार्जेसएवढाच निघतो आणि चोर लगेच सापडतो. फरक अगदी थोडा असेल तर एक्स्चेंज रेट बघा, कस्टम्स आपला ठरवलेला रेट लावतं, बँकेचा नाही.

देशाचा मुद्दा थोडक्यात. फ्रेट आणि इन्शुरन्स व्हॅल्यूत धरायचं की नाही हे करारात प्रत्येक देशावर सोडलंय. युरोपियन युनियन धरतं, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया आंतरराष्ट्रीय फ्रेट-इन्शुरन्स बाहेर ठेवतात, म्हणजे साधारण एफओबी पद्धत, माल तिकडे जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च धरणारी. वरचाच माल, तोच १० टक्के दर, पण एफओबी पद्धतीत ड्युटी ६,००० वर लागेल, ६०० होईल आणि लॅम्प १६.३८ ला पडेल. म्हणून दुसऱ्या देशातल्या माणसाचं टेम्प्लेट डोळे झाकून वापरू नका, मला तर तयार टेम्प्लेटच आवडत नाहीत, कारण त्यात बेस कुठला धरलाय हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आता याच रेघेचा दुसरा पैलू, जो अनुभवी लोकांचाही निसटतो. सप्लायर दारापर्यंतचा भाव देतो, एकच आकडा, आत इकडचा ट्रकही बसलेला. करार म्हणतो की आयातीनंतरची वाहतूक बाहेर ठेवता येते, पण ती किमतीपासून वेगळी दाखवलेली असली पाहिजे. इनव्हॉइसवर एकच गोळा आकडा असेल तर ट्रकच्या भाड्यावरही ड्युटी बसणार. त्यामुळे सप्लायरला सांगून इनव्हॉइसवरच वेगळी ओळ करून घ्यायची आणि ती रक्कम खऱ्या वाहतूक बिलाशी जुळलेली पाहिजे, मनाने टाकलेला आकडा टिकत नाही.

आणि उलट बाजूने, इनव्हॉइसवर नसलेली गोष्टही व्हॅल्यूत येते. लॅम्पच्या साच्याचे १,००० डॉलर वेगळे दिले असतील, साचा सप्लायरकडेच असेल, तरी त्या साच्याची किंमत व्हॅल्यूत धरावी लागते. ती पहिल्याच शिपमेंटवर टाकता येते किंवा ठरलेल्या एकूण उत्पादनावर वाटताही येते, पण सोडून देता येत नाही. "साच्याचं तर वेगळं बिल आहे ना" हे उत्तर तपासणीत चालत नाही.

आयातीवरचा व्हॅट वा तत्सम कर घ्यायचा का, असं विचारतात. जो कर तुम्हाला परत मिळतो किंवा पुढच्या करातून वजा होतो तो लँडेड कॉस्टमध्ये नाही, फक्त तेवढे पैसे काही दिवस अडकतात. परत मिळत नसेल तर पूर्ण धरा. एवढंच.

शेवटी सीआयएफ इनव्हॉइसबद्दल, कारण इथे मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या एका एलसीएल शिपमेंटला सप्लायरने सीआयएफ भाव दिला, फ्रेट इतकं कमी की जवळपास फुकटच, मी खूश. माल पोचल्यावर इकडच्या एजंटने बिल धरलं त्यात चार्जेसच्या नऊ ओळी होत्या आणि त्यांची बेरीज फ्रेटच्या तिप्पट. सीआयएफमध्ये विक्रेता बंदरापर्यंतचं भाडं देतो, उतरल्यानंतरचे चार्जेस सहसा घेणाऱ्याच्याच माथी येतात, आणि एलसीएलमध्ये तिकडे स्वस्त दाखवलेलं फ्रेट इकडच्या चार्जेसमधून वसूल करायची पद्धत सर्रास आहे. मालाचा ताबा एजंटच्या कागदाशिवाय मिळत नाही, त्यामुळे तेव्हा घासाघीस करायला जागाच नसते.

तेव्हापासून मी सीआयएफ घेतच नाही, एफओबी घेतो आणि फॉरवर्डर स्वतः ठरवतो. तुम्हाला सीआयएफच घ्यावं लागलं तर ऑर्डर पक्की करण्याआधी सप्लायरकडून इकडच्या एजंटचं नाव घ्या, आपल्या मालाचे क्यूबिक मीटर आणि वजन सांगून त्याच्याकडून पोचल्यानंतरच्या सगळ्या चार्जेसची यादी लेखी मागवा. कुठली ओळ क्यूबिक मीटरमागे आहे आणि कुठली शिपमेंटमागे ठोक, हेही त्यावर लिहून घ्या, कारण माल थोडा असेल तर ठोक ओळीच नगाचा भाव वर नेतात.